चुन्याने फ्लोराइड किती खाली येतो? Ksp वरून मोलर विद्राव्यता आणि सामाईक आयनाचा हिशोब

फ्लोराइड असलेल्या पाण्यात कॅल्शियमचा क्षार टाकला की कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा साका तयार होतो आणि पाण्यातला फ्लोराइड कमी होतो. काच कोरणाऱ्या किंवा धातूंवर फ्लोराइडयुक्त आम्लाची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी याच तत्त्वावर चुन्याने साफ करतात. खरा प्रश्न पुढे येतो. फ्लोराइड किती खाली येईल? जास्त चुना टाकला तर आणखी खाली येईल का, आणि पिण्यायोग्य पाण्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचेल का? याचं उत्तर कॅल्शियम फ्लोराइडच्या विद्राव्यता गुणाकारात आहे. वर्गात आपण त्याला सोल्युबिलिटी प्रॉडक्ट म्हणतो आणि Ksp असं लिहितो. या लेखात हा एकच क्षार घेऊन सगळा हिशोब पायरीपायरीने करू. याचं सूत्र CaF₂, म्हणजे एका कॅल्शियममागे दोन फ्लोराइड. विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका या "दोन"मुळेच होतात, आणि सामाईक आयनाच्या परिणामातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्टही त्यातूनच निघते.

शुद्ध पाण्यापासून सुरुवात

स्वच्छ पाण्यात कॅल्शियम फ्लोराइडची भुकटी टाकून भरपूर ढवळली, तर थोडी विरघळते आणि बाकीची तळाशी राहते. काही वेळाने विरघळण्याचा आणि पुन्हा साका होण्याचा वेग सारखा होतो. हाच समतोल, आणि हे द्रावण संपृक्त. आधी समीकरण लिहायचं:

```
CaF2(s) ⇌ Ca2+ + 2 F-
Ksp = [Ca2+][F-]^2 = 3.45 × 10^-11   (25 °C)
```

Ksp च्या सूत्रात CaF₂ हा घन पदार्थ कुठेच नाही, याकडे लक्ष द्या. तळाशी चिमूटभर भुकटी असो की वाटीभर, द्रावणातल्या आयनांचं प्रमाण तेच राहतं. घन पदार्थाने फक्त हजर असायला हवं, त्याच्या प्रमाणाला महत्त्व नाही. फ्लोराइडवरचा वर्ग मात्र महत्त्वाचा आहे. समीकरणात फ्लोराइडपुढे 2 आहे म्हणून तो वर्ग आला.

आता एक लिटर पाण्यात s मोल क्षार विरघळला असं समजू. हा s म्हणजेच मोलर विद्राव्यता. एक मोल क्षार विरघळला की एक मोल कॅल्शियम आणि दोन मोल फ्लोराइड मिळतो. म्हणून [Ca²⁺] = s आणि [F⁻] = 2s. या किमती वरच्या सूत्रात घालायच्या:

```
Ksp = (s)(2s)^2 = 4s^3
s^3 = 3.45 × 10^-11 / 4 = 8.63 × 10^-12
s   = 2.05 × 10^-4 मोल/लिटर
```

घनमूळ काढताना घाताला 3 ने पूर्ण भाग जायला हवा. म्हणून 3.45 × 10⁻¹¹ ला 4 ने भागल्यावर उत्तर 8.63 × 10⁻¹² असं लिहिलं. 10⁻¹² चं घनमूळ 10⁻⁴ आणि 8.63 चं घनमूळ 2.05. साधा कॅल्क्युलेटर असेल तर अंदाज बांधून तपासता येतं: 2 चा घन 8, म्हणजे उत्तर 2 पेक्षा किंचित मोठं हवं. वर्गमूळ काढण्याची चूक इथे फार जण करतात. ती पकडण्याची खात्रीची रीत म्हणजे मिळालेला s पुन्हा मूळ सूत्रात घालून बघणं. (2.05 × 10⁻⁴) × (4.10 × 10⁻⁴)² याचं उत्तर 3.45 × 10⁻¹¹ येतं, म्हणजे हिशोब बरोबर आहे.

प्रयोगशाळेबाहेर कुणी मोल प्रति लिटरमध्ये बोलत नाही, म्हणून मिलिग्रॅममध्ये बदलून घेऊ. CaF₂ चं मोलर वस्तुमान 78.07 आहे, त्यामुळे एका लिटरमध्ये सुमारे 16 मिलिग्रॅम क्षार विरघळतो. पण पाण्याच्या अहवालात क्षार लिहीत नाहीत, फ्लोराइड लिहितात. तो 4.10 × 10⁻⁴ मोल, म्हणजे 19 ने गुणून 7.8 मिलिग्रॅम प्रति लिटर. हा 7.8 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेगवेगळ्या पुस्तकांत Ksp ची किंमत थोडी वेगळी दिसते. काही ठिकाणी 3.9 × 10⁻¹¹ सापडेल. ती घेतली तर s होतो 2.14 × 10⁻⁴, म्हणजे फरक चारेक टक्क्यांचा. Ksp मधला तेरा टक्क्यांचा फरक घनमुळात इतका आक्रसतो. म्हणून परीक्षेत दिलेली किंमत वापरा आणि उत्तराचे चार-पाच दशांश अंक मिरवू नका.

Ksp लहान म्हणजे कमी विरघळणारा, असं नेहमी नसतं

बेरियम सल्फेट घ्या. एक्स-रे काढण्याआधी रुग्णाला बेरियम सल्फेट पाण्यात कालवून पाजतात, ते शक्य होतं कारण हा क्षार अतिशय कमी विरघळतो. त्याचा Ksp 1.08 × 10⁻¹⁰ आहे, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडच्या Ksp पेक्षा तिप्पट मोठा. नुसत्या Ksp कडे पाहिलं तर बेरियम सल्फेट जास्त विरघळायला हवा. पण तिथे एक बेरियम आणि एक सल्फेट आहे, म्हणून Ksp = s² आणि s = 1.04 × 10⁻⁵. कॅल्शियम फ्लोराइडचा s याच्या जवळजवळ वीसपट आहे.

कारण सरळ आहे. एकाचा Ksp दोन प्रमाणांच्या गुणाकाराचा, दुसऱ्याचा तीन प्रमाणांच्या. लहान संख्यांना एकदा जास्त गुणलं की गुणाकार आणखी लहान होतो, विद्राव्यता तशी लहान झालेली नसते. दोन क्षारांची घडण सारखी असेल, म्हणजे दोन्ही एकास एक किंवा दोन्ही एकास दोन, तरच Ksp ची थेट तुलना करा. नाही तर आधी s काढा आणि मग तुलना करा.

आता पाण्यात कॅल्शियम आधीच आहे

हाच क्षार शुद्ध पाण्याऐवजी 0.010 मोलर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात टाकू. कॅल्शियम क्लोराइड पूर्ण विरघळतो, म्हणून द्रावणात सुरुवातीलाच 0.010 मोल कॅल्शियम आहे. कॅल्शियम हा दोन्ही क्षारांत सामाईक आयन. क्लोराइडचा या समतोलाशी संबंध नाही, त्याला हिशोबातून बाजूला ठेवायचं.

Ksp ही ठराविक तापमानाला न बदलणारी संख्या आहे. [Ca²⁺] मोठा असेल तर गुणाकार तोच राहण्यासाठी [F⁻] लहानच व्हावा लागतो. फ्लोराइड फक्त विरघळलेल्या क्षारातून येतो, म्हणून क्षारच कमी विरघळतो. यालाच सामाईक आयनाचा परिणाम म्हणतात. ल शातेलिएच्या तत्त्वाने सांगायचं तर समतोल डावीकडे, घनाकडे सरकतो. पण किती सरकतो ते तत्त्व सांगत नाही. ते Ksp सांगतो.

मांडणीची शिस्त इथे फार कामाची आहे. प्रत्येक आयनासाठी तीन गोष्टी लिहायच्या: आधी किती होता, विरघळून किती आला, शेवटी किती.

```
             Ca2+          F-
आधी          0.010         0
विरघळून      + s           + 2s
शेवटी        0.010 + s     2s

(0.010 + s)(2s)^2 = 3.45 × 10^-11
```

हे तिसऱ्या घाताचं समीकरण आहे, पण ते लगेच सोडवायची गरज नाही. शुद्ध पाण्यातला s 2.05 × 10⁻⁴ होता आणि इथे तो त्याहून कमीच येणार. 0.010 च्या तुलनेत तो नगण्य आहे, म्हणून 0.010 + s ऐवजी 0.010 घेऊ:

```
0.010 × 4s^2 = 3.45 × 10^-11
s^2 = 8.63 × 10^-10
s   = 2.94 × 10^-5 मोल/लिटर
```

आता गृहीतक तपासायचं. s हा 0.010 च्या 0.3 टक्के आहे. पाच टक्क्यांच्या आत असला की हे गृहीतक मान्य, अशी सर्वसाधारण रूढी आहे. ही तपासणी उत्तराच्या खाली एका ओळीत लिहिली नाही तर उत्तर अर्धवट राहतं, असं मला वाटतं. शुद्ध पाण्याच्या तुलनेत विद्राव्यता सात पटींनी कमी झाली आणि फ्लोराइड 7.8 वरून 1.1 मिलिग्रॅम प्रति लिटरवर आला.

सामाईक आयन फ्लोराइड असेल तर

आता कॅल्शियम क्लोराइडऐवजी तितक्याच प्रमाणाचं, म्हणजे 0.010 मोलर सोडियम फ्लोराइडचं द्रावण घेऊ. सामाईक आयन आता फ्लोराइड. [Ca²⁺] = s आणि [F⁻] = 0.010 + 2s.

इथे एक चूक नेहमीची आहे. फ्लोराइड आहे, म्हणून 0.010 ला सुद्धा 2 ने गुणून (0.020)² लिहिलं जातं. हे 0.010 मोल सोडियम फ्लोराइडमधून आले आहेत आणि त्यात एका सोडियममागे एकच फ्लोराइड असतो. 2 ने गुणायचं ते फक्त CaF₂ मधून आलेल्या s ला. वर्ग मात्र सगळ्या फ्लोराइडचा होतो, तो कुठूनही आलेला असो. समतोलाला आयनाचं मूळ गाव कळत नाही, एकूण प्रमाण तेवढं कळतं.

```
s × (0.010)^2 = 3.45 × 10^-11
s = 3.45 × 10^-7 मोल/लिटर
```

2s हे 0.010 च्या तुलनेत अगदीच क्षुल्लक आहे, गृहीतक पक्कं. आता दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. तितक्याच प्रमाणात कॅल्शियम टाकला तर विद्राव्यता सात पटींनी घटली. फ्लोराइड टाकला तर जवळजवळ सहाशे पटींनी घटली. Ksp च्या सूत्रात फ्लोराइडवर वर्ग आहे, कॅल्शियमवर नाही. म्हणून फ्लोराइड दहापट वाढला की s शंभर पटींनी पडतो. कॅल्शियम दहापट वाढला तर s फक्त दहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे 3.2 पटींनी पडतो.

सांडपाणी साफ करणाऱ्याची अडचण नेमकी इथेच आहे. त्याला फ्लोराइड काढायचा आहे, म्हणून तो टाकू शकतो फक्त कॅल्शियम, म्हणजे दोन आयनांतला कमी जोराचा. फ्लोराइड निम्मा करायचा असेल तर उरलेलं कॅल्शियम चौपट करावं लागतं.

गृहीतक मोडतं तेव्हा

आता विहिरीचं मऊ पाणी समजू, ज्यात सुरुवातीला लिटरमागे 10 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. 40 ने भागलं की 2.5 × 10⁻⁴ मोल. त्यात भरपूर CaF₂ ठेवलं तर किती विरघळेल? s लहान मानून हिशोब केला:

```
2.5 × 10^-4 × 4s^2 = 3.45 × 10^-11
s = 1.86 × 10^-4
```

तपासून बघा. हा s 2.5 × 10⁻⁴ च्या 74 टक्के आहे. ज्याला नगण्य म्हणून सोडलं, तो मूळ प्रमाणाच्या पाऊण पट निघाला. म्हणजे उत्तर चुकीचं आहे, आणि तपासणी केली नसती तर कळलंही नसतं.

इथे तिसऱ्या घाताचं समीकरण सोडवण्याऐवजी पुनःपुन्हा अंदाज सुधारत जायचं. समीकरण असं लिहा:

```
s = ½ × √( 3.45 × 10^-11 / (2.5 × 10^-4 + s) )
```

उजवीकडे आधीचा s, म्हणजे 1.86 × 10⁻⁴ घाला. डावीकडे 1.41 × 10⁻⁴ मिळतो. तो पुन्हा उजवीकडे घाला, 1.49 × 10⁻⁴ मिळतो. मग 1.47 × 10⁻⁴, आणि पुढच्या फेरीतही 1.47 × 10⁻⁴ च. आकडा स्थिरावला की थांबायचं. उत्तर दर फेरीला खाली-वर होत जवळ येतं, त्यामुळे दोन लागोपाठच्या उत्तरांच्या मधेच खरं उत्तर आहे, ही खात्रीही मिळते. मूळ समीकरणात घालून बघितलं: (3.97 × 10⁻⁴)(2.94 × 10⁻⁴)² = 3.43 × 10⁻¹¹. फरक फक्त आकडे छाटल्याचा.

फ्लोराइड येतो 5.6 मिलिग्रॅम प्रति लिटर. शुद्ध पाण्यातल्या 7.8 पेक्षा कमी, पण फार नाही. सामाईक आयनाचं प्रमाण क्षाराच्या स्वतःच्या विद्राव्यतेच्या आसपास असेल तर परिणाम असा सौम्यच राहतो आणि हिशोबही तिथेच अवघड होतो. त्या आयनाचं प्रमाण शुद्ध पाण्यातल्या s च्या वीस-पंचवीस पटींहून जास्त असलं की सोपी रीत बेलाशक वापरा.

एका टाकीचा पूर्ण हिशोब

समजा टाकीत सोडियम फ्लोराइडचं सांडपाणी आहे, फ्लोराइड 200 मिलिग्रॅम प्रति लिटर. 19 ने भागून 0.01053 मोल प्रति लिटर. दोन फ्लोराइडना एक कॅल्शियम लागतो, म्हणून नुसता साका पाडायला 0.00526 मोल कॅल्शियम हवं.

तेवढंच टाकलं तर काय होईल? "अभिक्रिया पूर्ण झाली, फ्लोराइड शून्य" हे उत्तर चूक आहे. सगळा फ्लोराइड साक्यात गेला असं आधी समजा आणि मग त्या साक्याला विरघळू द्या. जास्तीचं कॅल्शियम नाही, जास्तीचा फ्लोराइड नाही, म्हणजे आपण शुद्ध पाण्याच्या उदाहरणावर परत आलो. फ्लोराइड उरेल 7.8 मिलिग्रॅम. हाच तो मघाचा आकडा. आधी पूर्ण साका पाडायचा, मग समतोलाने थोडा विरघळवायचा, ही दोन टप्प्यांची रीत अशा प्रत्येक गणितात वापरा. एकाच टप्प्यात सगळं करायला गेलं की s चा अर्थच हरवतो.

आता कॅल्शियम 0.0050 मोल जास्त टाकू, म्हणजे एकूण 0.01026 मोल. चुन्यात, म्हणजे Ca(OH)₂ मध्ये मोजलं तर लिटरमागे 0.76 ग्रॅम. साका पडल्यावर 0.0050 मोल कॅल्शियम उरतं:

```
[F-]^2 = 3.45 × 10^-11 / 0.0050 = 6.9 × 10^-9
[F-]   = 8.3 × 10^-5 मोल/लिटर = 1.6 मिग्रॅ/लिटर
```

जास्तीचं कॅल्शियम दुप्पट करून 0.010 केलं तर 1.1 मिलिग्रॅम. पहिल्या जादा डोसाने 7.8 वरून 1.6 वर आणलं, दुसऱ्या तितक्याच डोसाने फक्त अर्धा मिलिग्रॅम कमी केला. चुन्याची पोती वाढवत राहण्यात अर्थ का नाही, ते या दोन आकड्यांवरून दिसतं.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक IS 10500 मध्ये फ्लोराइडची इष्ट मर्यादा 1.0 आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. उलट हिशोब करून 1.5 साठी किती कॅल्शियम उरलेलं हवं ते काढू. 1.5 मिलिग्रॅम म्हणजे 7.9 × 10⁻⁵ मोल, त्याचा वर्ग 6.2 × 10⁻⁹, आणि Ksp ला त्याने भागलं की 5.5 × 10⁻³ मोल, म्हणजे लिटरमागे सुमारे 220 मिलिग्रॅम कॅल्शियम. त्याच मानकात कॅल्शियमची कमाल मर्यादा 200 आहे. फ्लोराइड मर्यादेत आणायला गेलो तर कॅल्शियम मर्यादेबाहेर जातं, आणि तेही सगळं आदर्श धरून. पिण्याच्या पाण्यातला फ्लोराइड नुसत्या कॅल्शियमने का काढत नाहीत, ते या एका भागाकारात दिसतं. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत चुना असतो, पण तो तुरटीच्या जोडीला. तुरटीपासून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके तयार होतात आणि फ्लोराइड मुख्यतः त्यांना चिकटून बाहेर पडतो. चुना त्यासाठी लागणारी अल्कता पुरवतो. तिथे वरचा Ksp चा हिशोब लावू नये.

हिशोब आणि टाकी यांत फरक का पडतो

आतापर्यंत आयनांची प्रमाणं थेट Ksp मध्ये घातली. खरं तर Ksp आयनांच्या सक्रियतेवर, म्हणजे त्यांच्या प्रभावी प्रमाणावर, बेतलेला असतो. द्रावणात आयन जास्त झाले की प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांची गर्दी होते आणि तो प्रमाणाच्या मानाने कमी प्रभावी ठरतो. दोन भार असलेल्या कॅल्शियमवर हा परिणाम जास्त होतो. 0.010 मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये आयनी तीव्रता, म्हणजे आयनांचं प्रमाण आणि भार धरून काढलेलं या गर्दीचं माप, 0.03 असते. डेव्हिस समीकरणाने सक्रियता गुणांक फ्लोराइडसाठी सुमारे 0.85 आणि कॅल्शियमसाठी सुमारे 0.52 येतात. त्यामुळे प्रमाणांचा गुणाकार असा वाढतो:

```
[Ca2+][F-]^2 = 3.45 × 10^-11 / (0.52 × 0.85^2) ≈ 9.2 × 10^-11
s = ½ × √(9.2 × 10^-11 / 0.010) ≈ 4.8 × 10^-5
```

मघाशी 2.94 × 10⁻⁵ मिळालं होतं. म्हणजे फ्लोराइड 1.1 ऐवजी 1.8 मिलिग्रॅम. सामाईक आयनाने विद्राव्यता खाली खेचली आणि त्याच वेळी वाढलेल्या आयनी गर्दीने ती थोडी वर ढकलली. टाकीत तर साका पडल्यावर सोडियमचे क्षारही उरलेले असतात, म्हणून तिथे ही तफावत आणखी वाढते. परीक्षेत सहसा हा सुधार मागत नाहीत, पण प्रत्यक्ष आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा जास्त आला तर पहिला संशय इथे घ्या.

दुसरा संशय आम्लतेवर. पाणी आम्ल असेल तर फ्लोराइडचा काही भाग HF बनतो, समतोलातला मोकळा फ्लोराइड कमी होतो आणि साका पुन्हा विरघळतो. pH 3 ला ठेवलेल्या पाण्यात फ्लोराइडचा जवळजवळ साठ टक्के भाग HF च्या रूपात असतो आणि CaF₂ ची विद्राव्यता शुद्ध पाण्याच्या जवळपास दुप्पट होते. pH 6 च्या वर हा परिणाम सोडून दिला तरी चालतो. फार अल्कलीयुक्त पाण्यात उलटी अडचण येते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, कार्बोनेट तयार होतं आणि ते कॅल्शियमला कॅल्शियम कार्बोनेटच्या साक्यात ओढून नेतं. जे जास्तीचं कॅल्शियम आपण हिशोबात धरलं होतं, ते उरतच नाही. टाकीतलं कॅल्शियम टाकलेल्या चुन्यावरून न ठरवता गाळलेल्या पाण्यात मोजायला हवं, ते यासाठीच.

तिसरी अडचण साक्याची. CaF₂ चे कण अतिशय बारीक पडतात आणि साध्या गाळणकागदातून निसटतात. असं पाणी न गाळता तपासायला दिलं, तर मोजणीआधी त्यात जे बफर मिसळतात त्यातला एक घटक कॅल्शियमला धरून ठेवतो, ते कण विरघळू शकतात आणि आकडा फुगतो. ओळखायची रीत सोपी आहे: तोच नमुना एकदा दाट गाळणीतून गाळून आणि एकदा तसाच मोजा. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर दोष समतोलाचा नाही, गाळण्याचा आहे.

भूजलात हाच हिशोब उलट्या दिशेने

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त सापडतो. असं पाणी अनेकदा मऊ असतं: सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर, कॅल्शियम कमी. कॅल्शियम कार्बोनेटचा साका होऊन किंवा चिकणमातीत सोडियमशी अदलाबदल होऊन कॅल्शियम पाण्यातून निघून जातं, आणि फ्लोराइडला अडवणारा सामाईक आयनच नाहीसा होतो. खडकांतून आलेला फ्लोराइड मग पाण्यात साठत राहतो.

इथे एक बारकावा सांभाळा. वर मऊ पाण्याचं गणित केलं तेव्हा 10 मिलिग्रॅम हे सुरुवातीचं कॅल्शियम होतं, म्हणून त्यात s मिळवावा लागला. पण बोअरवेलच्या अहवालात 10 मिलिग्रॅम कॅल्शियम लिहिलं असेल, तर ते शेवटचं, मोजलेलं प्रमाण आहे. त्यात s आधीच सामावलेला आहे. तिथे फेऱ्या मारत बसायचं नाही, सरळ भागाकार करायचा: [F⁻] = √(3.45 × 10⁻¹¹ / 2.5 × 10⁻⁴) = 3.7 × 10⁻⁴ मोल, म्हणजे 7 मिलिग्रॅम. CaF₂ त्या पाण्यात फ्लोराइडला जास्तीत जास्त एवढ्यावर अडवू शकतो. अहवालातला फ्लोराइड याहून बराच कमी असेल, तर ते पाणी CaF₂ ने संपृक्त झालेलंच नाही. त्याचा फ्लोराइड Ksp ने ठरलेला नसून खडकातून किती सुटला यावर ठरलेला आहे, आणि तिथे थोडं कॅल्शियम मिसळून काहीच साका पडणार नाही. कॅल्शियम इतकं वाढवावं लागेल की [Ca²⁺][F⁻]² हा गुणाकार 3.45 × 10⁻¹¹ ओलांडेल. उदाहरणार्थ फ्लोराइड 3 मिलिग्रॅम असेल तर कॅल्शियम आधी साधारण 55 मिलिग्रॅमच्या वर जायला हवं. त्याआधी टाकलेलं सगळं कॅल्शियम पाण्यात तसंच राहतं आणि पाणी फक्त जड होतं.